पंपाची पुस्तिका दुसऱ्यांदा भाषांतरित करताना: मंजूर वाक्यं मेमरी आणि एक्सलिफमधून कशी वापरायची

शिरोली एमआयडीसीतल्या एका पंप कारखान्याच्या तीन माहितीपुस्तिका मी तीन वेगवेगळ्या वर्षी मराठीत केल्या. तिसरी छापून आली तेव्हा तिथल्या सर्व्हिस विभागाच्या साहेबांनी तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि एकाच वाक्यावर बोट ठेवलं. इंग्रजीत तिन्हीकडे सूचना एकच होती: पंप कोरडा चालवू नका. मी एकदा ‘कोरडा चालवू नका’ लिहिलं होतं, एकदा ‘पाण्याविना सुरू करू नये’ आणि एकदा ‘रिकामा फिरवू नका’. ते म्हणाले, “मॅडम, ह्यात चूक कुठलंच नाही. पण सील जळलं की शेतकरी पुस्तिका घेऊन येतो, आणि आमची पोरं फोनवर एक वाक्य सांगतात, त्याच्या हातात दुसरंच असतं.”

मेकॅनिकल सीलच्या दोन घासणाऱ्या तोंडांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो. तोच त्यांना थंड ठेवतो. उन्हाळ्यात नदीची पातळी उतरली आणि फूटव्हॉल्व उघडा पडला, की पंप हवा ओढतो, तो थर जातो आणि सील थोड्याच वेळात खराब होतं. अशी सूचना दरवर्षी नव्या शब्दांत लिहिणं बरोबर नाही, हे मला त्या टेबलाशी पटलं. तेव्हापासून मी ज्या पद्धतीनं काम करते ती खाली क्रमानं लिहिली आहे. कोल्हापूर परिसरात पंप, शेती अवजारं, यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने पुष्कळ आहेत आणि त्यांच्या पुस्तिका वर्षाआड थोड्या बदलून पुन्हा निघतात. अशा कामात पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी हे आहे.

१. काय काय जवळ हवं

- कारखान्याकडून मिळालेली मूळ वर्ड फाइल. पीडीएफ चालणार नाही.
- मागच्या आवृत्तीची इंग्रजी आणि मराठी, दोन्ही. मराठी युनिकोडमध्येच हवी.
- ओमेगा-टी हे मोफत भाषांतर-साधन.
- वर्ड फाइलमधून एक्सलिफ, म्हणजे भाषांतरासाठीची फाइल, काढण्यासाठी आणि परत भरण्यासाठी ओकापी संचातलं टिकल. तेही मोफत आहे, पण त्यासाठी संगणकावर ‘जावा’ हे सॉफ्टवेअर असावं लागतं.
- कारखान्यातली एक व्यक्ती, जी प्रत्येक वाक्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणेल. नाव आणि फोन नंबर कामाच्या आधी ठरवून घ्या.

युनिकोडचा मुद्दा आपल्याकडे फार अडवतो. जुन्या पुस्तिका बहुतेक डीटीपीवाल्यांकडे पेजमेकर किंवा कोरलमध्ये, जुन्या मराठी फॉन्टांत केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं असतात. तो मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर आधी फॉन्ट-कन्व्हर्टरमधून काढावा लागेल आणि नंतर डोळ्यांनी तपासावा लागेल. जोडाक्षरं आणि रफार तिथेच बिघडतात.

२. दोन गोष्टींतला फरक आधी समजून घ्या

ट्रान्सलेशन मेमरी म्हणजे जोड्यांचा साठा: एक इंग्रजी वाक्य, त्याचं एक मराठी वाक्य. नवं इंग्रजी वाक्य आलं की साधन या साठ्यात तसंच किंवा त्याच्या जवळचं वाक्य शोधतं. शोध इंग्रजी बाजूवर होतो, हे कायम लक्षात ठेवा. हा साठा एका साधनातून दुसऱ्यात न्यायचा असेल तर टीएमएक्स नावाच्या फाइलीत जातो.

एक्सलिफ ही साठ्याची फाइल नाही. ती एका विशिष्ट पुस्तिकेची फाइल आहे: त्या पुस्तिकेतला मजकूर क्रमानं, आणि प्रत्येकाखाली भाषांतराची जागा. १.२ ही आवृत्ती २००८ पासून आहे आणि अजूनही सर्रास चालते, म्हणून मी तिच्याबद्दलच लिहिते. आत असं दिसतं:

```xml
<trans-unit id="47" approved="yes">
  <source>Do not run the pump dry.</source>
  <target>पंप कोरडा चालवू नका.</target>
</trans-unit>
```

या लेखाचा सगळा भार `approved="yes"` या खुणेवर आहे. भाषांतर झालं आहे आणि भाषांतर मंजूर झालं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषांतर एजन्सीकडून आलेल्या फाइलीत ही खूण असलेलं वाक्य दिसलं, तर ते तुमच्या मते थोडं अवघडलेलं असलं तरी परस्पर बदलू नका. हरकत असेल तर वेगळी कळवा. एक्सलिफच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांत ही खूण नसते, तिथे `state="final"` असं लिहिलेलं असतं.

३. वर्ड फाइल साफ करा, मगच एक्सलिफ काढा

फाइल उघडून ट्रॅक केलेले बदल सगळे मान्य करून टाका. मग ओळ मोडण्यासाठी मध्येच शिफ्ट-एंटर मारलेला आहे का ते शोधा. पानावर छान दिसावं म्हणून कुणीतरी वाक्याच्या मध्ये ओळ तोडलेली असते. वाचणाऱ्याला वाक्य तेच वाटतं, मेमरीला मात्र ते वेगळं वाटतं आणि जुनी जोडी पूर्ण जुळत नाही. दोन शब्दांत पडलेली दुहेरी मोकळी जागाही काढून टाका.

मग फाइल जिथे आहे त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा द्या:

```
tikal -x pump_manual_en.docx -sl en -tl mr
```

शेजारीच `pump_manual_en.docx.xlf` तयार होईल. या क्षणापासून मूळ वर्ड फाइलला हात लावू नका, तिचं नावही बदलू नका. मराठी परत भरताना टिकल त्याच मूळ फाइलीचा साचा वापरतं. मध्येच कारखान्यानं ‘एक छोटी दुरुस्ती’ पाठवली, तर ती मूळ फाइलीत करून एक्सलिफ नव्यानं काढायचं. तोवर केलेलं काम वाया जात नाही, ते मेमरीत असतं.

पहिल्यांदा करत असाल तर आधी दहा वाक्यांची चाचणी फाइल घ्या. वर्ड ते एक्सलिफ, एक्सलिफ ते ओमेगा-टी, आणि परत वर्ड, अशी पूर्ण फेरी मारून पाहा. साठ पानं भाषांतरित झाल्यावर फाइल परत भरली जात नाही हे कळणं फार महागात पडतं.

४. मंजुरी घ्या, आणि मंजूर वाक्यांचा साठा वेगळा ठेवा

ओमेगा-टीमध्ये नवा प्रकल्प उघडलात की `source`, `target`, `tm`, `glossary`, `omegat` असे फोल्डर तयार होतात. एक्सलिफ `source` मध्ये ठेवायचं. तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक वाक्य `omegat` फोल्डरमधल्या `project_save.tmx` मध्ये आपोआप साठतं. कच्चं, अर्धवट, रात्री अकराला घाईत लिहिलेलं, सगळं. नवखे लोक पुढच्या वर्षी हीच फाइल मेमरी म्हणून वापरतात आणि त्यांचे कच्चे मसुदे मंजूर असल्यासारखे परत येतात. माझ्या तीन वेगवेगळ्या सूचनांपैकी एक अशीच आली होती.

मी असं करते. भाषांतर झालं की दोन रकान्यांचा तक्ता करून, कागदावर छापून, सर्व्हिस विभागाला देते. कारखान्यातल्या माणसानं एक्सलिफ उघडावं अशी अपेक्षा ठेवू नका, पेन हातात असलं की तो मोकळेपणानं खोडतो. त्या खोडण्यातून खरी भाषा मिळते. ‘प्रायमिंग करा’ यावर काट मारून साहेबांनी लिहिलं होतं, ‘पंपात पाणी भरून घ्या’. शेतावर तसंच म्हणतात.

सगळ्या दुरुस्त्या ओमेगा-टीत परत भरा. त्या फक्त शेवटच्या वर्ड फाइलीत भरण्याचा मोह होतो, कारण ते पटकन होतं. तसं केलंत तर छापलेली पुस्तिका बरोबर असेल, पण मेमरीत जुनी चूक तशीच राहील आणि पुढच्या आवृत्तीत वर येईल. दुरुस्त्या भरल्यावर `Ctrl+D` दाबून भाषांतरित फाइल तयार करा. त्याच वेळी प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये तीन टीएमएक्स फाइली तयार होतात. त्यांतली नावाच्या शेवटी `-omegat.tmx` असलेली उचला. तिच्यात आत्ताच्या पुस्तिकेत असलेलीच वाक्यं असतात, आधी येऊन गळून गेलेली नसतात. तिला वर्षाचं आणि मंजुरीच्या तारखेचं नाव देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. हा तुमचा मंजूर साठा.

मंजुरी न मिळालेली जुनी वाक्यंही उपयोगी पडतात, पण ती ओळखू यायला हवीत. त्यांची टीएमएक्स नव्या प्रकल्पात `tm/penalty-030` या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. ओमेगा-टी त्यांच्या जुळणीतून ३० टक्के कापतं. त्यामुळे तंतोतंत जुळलेलं वाक्यही ७० टक्के दिसतं आणि तुम्ही ते वाचल्याशिवाय घेत नाही.

५. नवी आवृत्ती: आकड्यांपाशी थांबा

समजा मागच्या वर्षी ५ एचपीच्या मोनोब्लॉक पंपाची पुस्तिका झाली आणि आता ७.५ एचपीची आली आहे. मंजूर साठा `tm` मध्ये ठेवला. बरीचशी वाक्यं अक्षरशः तीच आहेत. त्यांच्यामध्ये हे एक आहे, वर जुन्या पुस्तिकेतलं, खाली नव्या:

```
Tighten the 4 casing bolts to 25 Nm.
Tighten the 6 casing bolts to 35 Nm.
```

ओमेगा-टी जुळणी तीन आकड्यांत दाखवतं. पहिले दोन आकडे काढताना ते वाक्यातली संख्या आणि टॅग, म्हणजे ठळक अक्षरांसारख्या मांडणीच्या खुणा, मोजतच नाही, तिसरा काढताना मोजतं. त्यामुळे वरच्या वाक्याला पहिले दोन आकडे १०० दिसू शकतात. नवखा माणूस पहिला आकडा पाहतो, `Ctrl+R` दाबून जुनं वाक्य घेतो आणि पुढे जातो. पुस्तिकेत जातं ‘4 बोल्ट 25 Nm पर्यंत आवळा’. वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे, त्यामुळे प्रूफ वाचतानाही ते डोळ्याला खटकत नाही. कमी आवळलेल्या केसिंगमधून पाणी गळायला लागल्यावरच ते लक्षात येतं.

म्हणून नियम असा ठेवा: तिसरा आकडा १०० नसेल तर ते वाक्य जुळलेलं नाही. काम संपल्यावर शोध-खिडकी उघडा (`Ctrl+F`), रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय निवडा आणि इंग्रजी बाजूत हे शोधा:

```
\d+
```

संख्या असलेली सगळी वाक्यं मराठीसह एका यादीत येतात. ती यादी मूळ पुस्तिका शेजारी ठेवून, बोट फिरवत वाचा. मी हे काम सकाळी करते, दिवसभराच्या भाषांतरानंतर करत नाही.

इथेच अंकांचाही निर्णय होतो. तांत्रिक आकडे मी 35 असेच ठेवते, ३५ करत नाही. पंपाच्या नेमप्लेटवर, मीटरवर आणि टॉर्क पान्यावर तेच अंक असतात, आणि वरच्यासारख्या शोधात मराठी बाजूही सापडते. तुमच्या कारखान्याला देवनागरी अंक हवे असतील तर हरकत नाही, पण पहिल्या पुस्तिकेपासून सगळीकडे तसेच ठेवा.

`tm/auto` नावाचा फोल्डर असतो. त्यात साठा ठेवला तर तंतोतंत जुळणारी वाक्यं आपोआप भरली जातात. पहिल्या वर्षी तो वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. भरलेलं वाक्य भाषांतरित धरलं जातं, आणि `Ctrl+U` नं पुढच्या रिकाम्या वाक्यावर उडी मारत गेलात तर ते तुमच्या नजरेलाच पडत नाही. वापरायचाच असेल तर आपोआप भरलेली वाक्यं रंगात दाखवण्याचा पर्याय `View` मेनूत आहे, तो चालू ठेवा.

६. १०० टक्के जुळलं तरी मराठी चुकू शकतं

इंग्रजी साधनांसोबत येणाऱ्या मदत-पानांत हे सहसा सापडत नाही, आणि मराठीत काम करणाऱ्याला रोज भेटतं. पुस्तिकेच्या देखभाल विभागात हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं:

```
Remove it and check it for wear.
```

पहिल्यांदा ते इंपेलरबद्दल होतं. मंजूर भाषांतर: ‘तो काढा आणि झिजला आहे का पाहा.’ दुसऱ्या ठिकाणी तेच वाक्य शाफ्टवरच्या स्लीव्हबद्दल आहे. तिथे ‘ती काढा आणि झिजली आहे का’ हवं. बेअरिंगपाशी ‘ते काढा आणि झिजलं आहे का’. इंग्रजी अक्षरशः एकच, त्यामुळे मेमरी तिन्ही ठिकाणी शंभर टक्के म्हणून ‘तो’ देणार. स्लीव्हच्या चित्राखाली ‘तो काढा’ वाचल्यावर मेकॅनिक थबकतो: कोणता तो? इंपेलर काढायचा आहे की काय?

यावर तीन वाटा आहेत. पहिली, कारखान्याच्या इंग्रजी लिहिणाऱ्याला सांगायचं की सर्वनामाऐवजी भागाचं नाव लिहा. ऐकलं तर सगळ्यात उत्तम, कारण मग तिन्ही वाक्यं मेमरीसाठीही वेगळी होतात.

दुसरी, ओमेगा-टीच्या `Edit` मेनूतलं `Create Alternative Translation`. त्यानं त्या एका जागेपुरतं वेगळं भाषांतर ठेवता येतं. हे वेगळेपण फाइलचं नाव आणि आजूबाजूची वाक्यं यांच्याशी बांधलेलं असतं, म्हणून पुढच्या वर्षी फाइलचं नाव बदललंत तर ते बहुधा लागू होणार नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते: ज्यात लिंगाचा प्रश्नच येत नाही असं मराठी वाक्य मंजूर करून घ्यायचं.

> काढून घ्या आणि झीज झाली आहे का पाहा.

‘झाली’ इथे ‘झीज’शी जुळतं, भागाशी नाही. इंपेलर असो, स्लीव्ह असो की बेअरिंग, वाक्य तेच राहतं, आणि ते कृत्रिमही वाटत नाही. ‘तो कोरडा ठेवा’ऐवजी ‘ओल लागू देऊ नका’. ‘ती पूर्ण उघडी आहे याची खात्री करा’ऐवजी ‘पूर्ण उघडल्याची खात्री करा’. पहिल्या पुस्तिकेच्या वेळी सर्वनाम असलेली सगळी छोटी वाक्यं शोधून अशी बांधून घेतलीत, तर पुढच्या आवृत्त्यांत मेमरी खरोखर भरवशाची होते. मी यासाठी पहिल्या पुस्तिकेला सरळ दोन दिवस जास्त मागते. त्याच कारणानं, शंभर टक्के जुळलेल्या वाक्यांचा मोबदला शून्य धरणाऱ्या एजन्सीशी आधीच बोलून घ्या. ती वाक्यं वाचावीच लागतात.

७. इंग्रजी बदललं तर काय

नव्या आवृत्तीत ‘पंप कोरडा चालवू नका’चं इंग्रजी कुणीतरी उगाच सजवून असं केलेलं असतं:

```
Never operate the pump without water.
```

अर्थ तोच, पण मेमरीला जेमतेम ‘पंप’ एवढाच शब्द ओळखीचा वाटतो. इथे नवं भाषांतर करू नका. इंग्रजी लिहिणाऱ्याला मंजूर इंग्रजी वाक्यांची यादी पाठवा आणि अर्थ बदललेला नसेल तर जुनंच वाक्य ठेवायची विनंती करा. ते शक्य नसेल, तर नव्या इंग्रजी वाक्याखाली जुनंच मंजूर मराठी लिहा. शेतकऱ्याला इंग्रजीतला बदल दिसत नाही, त्याला मराठी तेच दिसलं पाहिजे.

उलटंही होतं. कारखाना स्वतःच मंजूर मराठी बदलतो. तेव्हा साठ्यात नवी जोडी नुसती वाढवू नका, जुनी बदला. एकाच इंग्रजी वाक्याच्या दोन जोड्या राहिल्या तर कुठली वर येईल याचा भरवसा नाही.

८. मराठी परत वर्डमध्ये भरा

ठळक अक्षरं, बटणांची नावं वगैरे ओमेगा-टीमध्ये टॅग म्हणून दिसतात. मराठीत क्रियापद शेवटी जातं, तेव्हा टॅग शब्दाबरोबर पुढे सरकायला हवेत:

```
Press the <g1>RESET</g1> button and wait 10 seconds.
<g1>RESET</g1> बटण दाबा आणि 10 सेकंद थांबा.
```

टॅग पुसला गेला किंवा एकच बाजू राहिली तर फाइल परत भरताना अडते, किंवा अर्धं पान ठळक होऊन येतं. `Ctrl+Shift+V` दाबलं की अशा चुकांची यादी मिळते. ती रिकामी झाल्यावर `Ctrl+D` दाबा, `target` मधली एक्सलिफ मूळ वर्ड फाइलीच्या शेजारी ठेवा (तिथली जुनी एक्सलिफ आधी बाजूला काढून) आणि ही आज्ञा द्या:

```
tikal -m pump_manual_en.docx.xlf -sl en -tl mr
```

`pump_manual_en.out.docx` तयार होईल. ती उघडून फक्त मांडणी पाहा: तक्त्यांतून बाहेर गेलेल्या ओळी, चित्रांवरचा मजकूर, फॉन्ट. चित्राच्या आत चित्र म्हणूनच बसलेली अक्षरं एक्सलिफमध्ये येतच नाहीत, ती वेगळी मागून घ्यावी लागतात. आणि मांडणी पाहताना एखादं वाक्य चुकीचं सापडलं, तर वर्ड बंद करा, ओमेगा-टीत जाऊन तिथे दुरुस्त करा, आणि फाइल पुन्हा भरा.